एकच गणित, रोजकीर्दीपासून ताळेबंदापर्यंत

अकरावीच्या पुस्तपालनात रोजकीर्द आणि खतावणी सुरुवातीलाच येतात, अंतिम खाती मात्र शेवटाकडे. मध्ये सहायक पुस्तकं, बँक जुळवणी पत्रक, घसारा, चुकांची दुरुस्ती असं बरंच काही येऊन जातं. तोवर धागा तुटलेला असतो. रोजकीर्दीच्या गणितात नोंदी लिहिल्या की गणित संपतं, आणि अंतिम खात्यांच्या गणितात तेरीज आयतीच छापलेली असते. ती तेरीज आली कुठून हे कुणी विचारत नाही. मग ‘समायोजनेचे दोन परिणाम’ हा नियम पाठ करावा लागतो आणि परीक्षेत तो नेमका उलटा आठवतो.

त्यावर माझ्या माहितीतला सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे साखळी सराव. वर्गात झालेलं रोजकीर्दीचं एखादं लहान गणित घ्यायचं आणि तेच खतावणी, तेरीज, अंतिम खाती असं टोकापर्यंत न्यायचं. अशी चार गणितं पूर्ण झाली की सुटी चाळीस गणितं सोडवण्यापेक्षा जास्त उजेड पडतो, असं मला वाटतं. खाली एक साखळी पूर्ण करून दाखवली आहे. वाचताना वही उघडी ठेवा. नुसतं वाचून यातलं फारसं हाती लागणार नाही.

गणित कोणतं निवडायचं

दहा ते पंधरा व्यवहारांचं गणित पुरे. त्यात एक उधार खरेदी, एक उधार विक्री, एखादा परत आलेला माल, एक रोख कसर आणि मालकाची उचल एवढं असलं पाहिजे. सगळेच व्यवहार रोखीचे असतील तर साखळीला अर्थ राहत नाही, कारण मग धनको-ऋणकोंची खातीच तयार होत नाहीत. पहिल्या फेरीत जीएसटीचं गणितही नको. कराची खाती वाढली की लक्ष मूळ वाटेवरून हटतं.

रोजकीर्दीच्या गणितात एक गोष्ट कधीच दिलेली नसते, ती म्हणजे अखेरचा माल. तो आकडा तुम्हालाच ठरवायचा आहे आणि तो मनाला येईल तसा ठरवून चालत नाही. खरेदी आणि ती दुकानापर्यंत आणायचा खर्च मिळून जेवढ्याचा माल हाती आला, त्यापेक्षा शिल्लक माल जास्त असूच शकत नाही. पंचेचाळीस हजारांचा माल घेतला, निम्म्याहून जास्त विकला आणि पन्नास हजारांचा शिल्लक दाखवला, असली साखळी कागदावर जुळेल, पण दुकानात जुळणार नाही.

आणखी एक तपासणी गणित हातात घेतल्या घेतल्या करा. तारखेप्रमाणे रोख रक्कम मांडत जा. एखाद्या दिवशी रोख उणे झाली तर ते गणित बाजूला ठेवा. गल्ल्यात नसलेले पैसे कुणी देऊ शकत नाही, म्हणून रोख खात्याची शिल्लक जमा बाजूची कधीच निघत नाही.

आपलं गणित

परभणीच्या मोंढ्याजवळ एकाने भांड्यांचं दुकान टाकलं असं धरू. पार्ट्यांना गावांचीच नावं देऊ, बाजारात बोलतातही तसंच. माल देणारे जालनेवाले, उधारीवर नेणारे सेलूवाले. महिना एप्रिल २०२५. व्यापारी वहीपूजन दिवाळीला करतात, पण हिशेबाचं वर्ष १ एप्रिलला सुरू होतं, म्हणून आपणही तिथूनच निघू. एक महिना म्हणजेच आपला पूर्ण हिशेबकाळ.

- १ एप्रिल: १,००,००० रुपये रोख आणून धंदा सुरू केला.
- २ एप्रिल: फर्निचर रोखीने घेतलं, १२,०००.
- ४ एप्रिल: जालनेवाल्यांकडून ५०,००० चा माल १० टक्के व्यापारी कसरीने उधार घेतला.
- ५ एप्रिल: त्या मालाचं आवक गाडीभाडं रोख दिलं, १,५००.
- ८ एप्रिल: रोख विक्री २८,०००.
- ११ एप्रिल: सेलूवाल्यांना उधार विक्री २४,०००.
- १४ एप्रिल: सेलूवाल्यांनी माल परत केला, २,०००.
- १७ एप्रिल: जालनेवाल्यांच्या ३०,००० पोटी २९,४०० रोख देऊन तेवढा हिशेब पूर्ण केला.
- २१ एप्रिल: सेलूवाल्यांकडून रोख आले १५,०००.
- २५ एप्रिल: मालकाने घरच्यासाठी दुकानातली भांडी नेली, खरेदी किंमत १,०००.
- २८ एप्रिल: दुकानभाडं रोख दिलं, ४,०००.
- ३० एप्रिल: पगार रोख दिला, ६,०००.

रोजकीर्द

बारा व्यवहार, म्हणून बारा नोंदी. त्यातल्या नऊ सरळ आहेत, त्या तुम्ही स्वतः लिहा. तिघींपाशी मात्र थांबायला हवं.

पहिली ४ एप्रिलची. व्यापारी कसर बिलातच वजा होते, पुस्तकात येत नाही. म्हणून खरेदी खाते नावे ४५,०००, जालनेवाले यांच्या खात्याला ४५,०००. पन्नास हजारांनी नोंद करून पाच हजार ‘मिळालेली कसर’ खात्याला जमा करायचा मोह होतो, कारण प्रश्नात ‘कसर’ हा शब्द असतो. पाच हजारांचं देणं मुळात कधी तयारच झालं नव्हतं, मग ते माफ कसं होणार?

दुसरी १७ एप्रिलची. इथे देणं खरोखर होतं आणि त्यातले सहाशे सुटले. ही रोख कसर, आणि तिची नोंद होते. वहीत ती अशी दिसेल:

जालनेवाले यांचे खाते … नावे ३०,०००
रोख खात्याला २९,४००
मिळालेली कसर खात्याला ६००
(३०,००० पोटी २९,४०० रोख देऊन हिशेब पूर्ण केल्याबद्दल.)

तिसरी २५ एप्रिलची. उचल खाते नावे १,०००, खरेदी खात्याला १,०००. इथे बरीच मुलं विक्री खातं जमा करतात. मालकाने स्वतःच्याच दुकानातून भांडी नेली, ती काही विकली नाहीत. म्हणून आधी धंद्यासाठी केलेली खरेदी तेवढ्याने कमी करायची. गंमत म्हणजे विक्री जमा केली तरी तेरीज जुळते आणि निव्वळ नफाही तोच येतो. म्हणूनच ही चूक वर्षभर लपून राहते आणि पेपर तपासणाऱ्याला मात्र लगेच दिसते.

स्पष्टीकरण वगळू नका. परीक्षेतल्या गुणांसाठी ते हवंच, पण साखळीत त्याचा वेगळाच उपयोग आहे. पंधरा दिवसांनी तेरजेत फरक निघाला की मागे येऊन वाचायला तीच एक ओळ असते.

बारा नोंदी झाल्या की रकमांच्या दोन्ही रकान्यांची बेरीज करा. ती २,६८,५०० आली पाहिजे. हा आकडा पेन्सिलीने कोपऱ्यात लिहून ठेवा, पुढे लागणार आहे.

खतावणी

आता प्रत्येक नोंद फोडून खात्यांत न्यायची. आपल्या गणितात तेरा खाती उघडतात: रोख, भांडवल, फर्निचर, खरेदी, जालनेवाले, आवक गाडीभाडे, विक्री, सेलूवाले, विक्री परत, मिळालेली कसर, उचल, दुकानभाडे आणि पगार. सगळ्या खात्यांतल्या ओळी मोजल्या तर सव्वीस भरतात. नेहमीच्या नोंदीच्या दोन ओळी, आणि १७ तारखेच्या नोंदीच्या चार, कारण जालनेवाल्यांच्या खात्यात रोख आणि कसर वेगवेगळ्या ओळींवर येतात. खतावणी झाली की आधी ओळी मोजा. पंचवीस भरल्या तर बेरजा करत बसण्यात अर्थ नाही, एक नोंद अर्धीच गेली आहे.

जालनेवाल्यांचं खातं जवळून बघू. जमा बाजूला ४ एप्रिल, खरेदी खाते, ४५,०००. नावे बाजूला १७ एप्रिल, रोख खाते, २९,४००, आणि त्याच तारखेला पुढच्या ओळीवर मिळालेली कसर खाते, ६००. जमा बाजू जड आहे, म्हणून नावे बाजूला ३० एप्रिल, ‘शिल्लक पुढे नेली’ १५,०००. दोन्ही बेरजा ४५,०००. खाली १ मे ला जमा बाजूला ‘शिल्लक खाली आणली’ १५,०००.

हमखास होणारी चूक तपशिलाच्या रकान्यात असते. जालनेवाल्यांच्या खात्यात पुन्हा ‘जालनेवाले’ असंच लिहिलेलं सापडतं. खात्यात त्या खात्याचं नाव मथळ्यावर आधीच आहे. आत लिहायचं ते नोंदीतलं समोरचं खातं, म्हणजे ही रक्कम कशामुळे आली ते. हे नीट लिहिलं तर खातं पाहून मूळ नोंद पुन्हा मांडता येते, नाही तर खातं मुकं राहतं.

खाते पान क्रमांकाचा रकाना मुलं सर्रास मोकळा सोडतात. साखळी करताना तो भरा, आणि तोही खतावणी केल्यावरच. मग कोणती नोंद न्यायची राहिली हे रोजकीर्दीवर नजर टाकताच कळतं.

रोख खात्यात नावे बाजूला तीन ओळी, बेरीज १,४३,०००. जमा बाजूला पाच ओळी, बेरीज ५२,९००. शिल्लक ९०,१००.

तेरीज

तेरीज दोन प्रकारे होते. खात्यांच्या दोन्ही बाजूंच्या बेरजा तशाच मांडल्या तर एकूण २,६८,५०० येईल. तोच कोपऱ्यात लिहिलेला रोजकीर्दीचा आकडा. तो आला म्हणजे सगळ्या रकमा खात्यांपर्यंत पोचल्या, एवढी खात्री होते. ही पायरी पेपरात बहुधा लागत नाही, पण सरावात एकदा तरी करा. नंतर फक्त शिलकांची तेरीज:

| खाते | नावे | जमा |
|---|---|---|
| रोख | ९०,१०० | |
| सेलूवाले | ७,००० | |
| खरेदी | ४४,००० | |
| विक्री परत | २,००० | |
| आवक गाडीभाडे | १,५०० | |
| फर्निचर | १२,००० | |
| उचल | १,००० | |
| दुकानभाडे | ४,००० | |
| पगार | ६,००० | |
| भांडवल | | १,००,००० |
| जालनेवाले | | १५,००० |
| विक्री | | ५२,००० |
| मिळालेली कसर | | ६०० |
| एकूण | १,६७,६०० | १,६७,६०० |

जुळली नाही तर पहिल्या ओळीपासून पुन्हा बेरजा करू नका. आधी फरकाचा आकडा पाहा, चूक कुठे आहे याचा पत्ता बहुतेक वेळा तोच सांगतो.

समजा फरक ४,००० आला. त्याचा निम्मा २,०००, आणि २,००० ही विक्री परतची शिल्लक आहे. म्हणजे ती नावेऐवजी जमा रकान्यात गेली असणार. चुकीच्या बाजूला गेलेली रक्कम नेहमी दुप्पट फरक पाडते. पण आपल्या यादीत दुकानभाड्याचेही चार हजारच आहेत. ते तेरजेत घ्यायचे राहून गेले तरी फरक चार हजारच दिसेल. दोन्ही शक्यता पाहाव्या लागतात.

समजा फरक ९०० आला. नऊने भाग जातो, म्हणजे अंकांची अदलाबदल झाली असण्याचा संशय घ्यायचा. ९०,१०० चे ९१,००० लिहिले गेले असतील.

समजा जमा बाजू ६०० ने जास्त आहे. सहाशे ही तर कसरच. जालनेवाल्यांच्या खात्यात रोखीची ओळ गेली आणि कसरीची राहिली, म्हणून त्यांची शिल्लक १५,६०० निघाली.

या तिन्ही चुका स्वतःच्या वहीत पेन्सिलीने मुद्दाम करून पाहा. एकाने चूक पेरायची आणि शेजाऱ्याने फक्त फरक पाहून ती शोधायची, असं जोडीने केलं तर चुकांच्या दुरुस्तीचा धडाही जाता जाता होऊन जातो.

समायोजना: आत की बाहेर

सगळ्या साखळीत सर्वांत जास्त वेळ इथे द्यावा असं माझं मत आहे. महिनाअखेरीस तीन गोष्टी कळल्या असं धरा:

१. अखेरचा माल खरेदी किमतीने ९,०००.
२. पगाराचे १,००० द्यायचे राहिले आहेत.
३. फर्निचरवर दरसाल १० टक्के घसारा.

तिसऱ्यातलं ‘दरसाल’ वाचा. बारा हजारांचे दहा टक्के १,२००, पण तो वर्षाचा झाला. फर्निचर २ तारखेला आलं असलं तरी महिना पूर्ण धरू, म्हणजे घसारा १००.

आता अंतिम खात्यांकडे धावण्याआधी या तिघांच्या रोजकीर्दीतल्या नोंदी लिहा. पगार खाते नावे १,०००, अदत्त पगार खात्याला १,०००. घसारा खाते नावे १००, फर्निचर खात्याला १००. अखेरचा माल खाते नावे ९,०००, व्यापार खात्याला ९,०००.

नोंद लिहिली की ‘दोन परिणाम’ हा नियम पाठ करायची गरज उरत नाही. प्रत्येक नोंदीला एक नावे आणि एक जमा अशा दोन बाजू असतात आणि त्या दोन्ही कुठेतरी जाणारच. अदत्त पगाराची नावे बाजू नफा-तोटा खात्यात पगारात मिळते, जमा बाजू ताळेबंदात देणं म्हणून बसते.

मग ‘तेरजेत असेल तर एकच परिणाम’ हे कुठून आलं? करूनच पाहा. पगाराची नोंद तेरीज काढण्याआधीच केली असं समजा आणि खतावणी करा. पगाराची शिल्लक ७,००० होईल, अदत्त पगाराचं नवं खातं १,००० जमा दाखवेल, तेरजेची बेरीज १,६८,६०० होईल आणि ती जुळेल. नोंदीची नावे बाजू पगारात आधीच मिसळली आहे. आता तेरजेत ‘अदत्त पगार १,०००’ दिसला तर तो फक्त ताळेबंदात न्यायचा. पुन्हा पगारात मिळवला तर पगार ८,००० होईल आणि ताळेबंद हजाराने फसेल.

अखेरचा माल तेरजेत असेल तेव्हाही हेच. त्याची नोंद खरेदी खात्याला जमा देऊन आधीच झालेली असते. मग तेरजेत खरेदी ४४,००० न दिसता ३५,००० दिसते आणि शेजारी अखेरचा माल ९,००० नावे. बेरीज तीच, १,६७,६००. इथे माल व्यापार खात्याच्या जमा बाजूला पुन्हा घ्यायचा नाही, फक्त ताळेबंदात. दोन्ही वाटांनी ढोबळ नफा सारखाच येतो. दोन्ही एकदा करून पाहा, पाच मिनिटं लागतात.

अंतिम खाती

आता फक्त मांडणी उरली. व्यापार खात्याच्या नावे बाजूला खरेदी ४४,००० आणि आवक गाडीभाडं १,५००. जमा बाजूला विक्री ५२,००० वजा परत २,०००, म्हणजे ५०,०००, आणि अखेरचा माल ९,०००. जमा बाजू ५९,०००, म्हणून ढोबळ नफा १३,५००.

नफा-तोटा खात्यात तो जमा बाजूला येतो, सोबत मिळालेली कसर ६००. नावे बाजूला दुकानभाडं ४,०००, पगार ६,००० अधिक अदत्त १,०००, घसारा १००. निव्वळ नफा ३,०००.

ताळेबंदात देयतांच्या बाजूला भांडवल १,००,००० अधिक नफा ३,००० वजा उचल १,०००, म्हणजे १,०२,०००. जालनेवाले १५,०००, अदत्त पगार १,०००. एकूण १,१८,०००. मालमत्तांच्या बाजूला रोख ९०,१००, सेलूवाले ७,०००, अखेरचा माल ९,०००, फर्निचर १२,००० वजा १००, म्हणजे ११,९००. एकूण १,१८,०००.

मांडताना तेरजेतल्या प्रत्येक ओळीपुढे ती कुठे गेली याची खूण करा: व्या, न किंवा ता. तेराही ओळींवर एकेक खूण हवी, आणि समायोजनांवर दोन-दोन. ताळेबंद जुळला नाही तर पहिली शंका खूण नसलेल्या ओळीवर किंवा एकच खूण असलेल्या समायोजनेवर घ्या.

जुळूनही चुकलेला ताळेबंद

साखळी पूर्ण झाल्यावर ती एकदा मुद्दाम मोडा. २ एप्रिलची नोंद बदला आणि फर्निचर खात्याऐवजी खरेदी खाते नावे करा. ‘फर्निचर खरेदी केले’ या वाक्यातल्या ‘खरेदी’मुळे ही चूक खरोखर होते.

आता खरेदीची शिल्लक ५६,००० येते आणि फर्निचरचं खातंच उघडत नाही. तेरीज १,६७,६०० ला जुळते. ढोबळ नफा १३,५०० वरून १,५०० वर येतो. फर्निचरच नाही म्हणून घसाराही नाही, आणि नफ्याऐवजी ८,९०० तोटा निघतो. ताळेबंद? भांडवल तोटा आणि उचल वजा जाऊन ९०,१००, जालनेवाले १५,०००, अदत्त पगार १,०००, एकूण १,०६,१००. समोर रोख ९०,१००, सेलूवाले ७,०००, माल ९,०००, एकूण १,०६,१००. तंतोतंत जुळला, आणि पूर्ण चुकीचा आहे.

असली चूक बेरजेने सापडत नाही, आकडा ओळखीचा आहे का हे विचारूनच सापडते. पन्नास हजारांच्या निव्वळ विक्रीवर आधी १३,५०० ढोबळ नफा होता, म्हणजे २७ टक्के. आता तो ३ टक्के झाला. शिवाय समायोजनेत फर्निचरवर घसारा सांगितला आहे आणि तेरजेत फर्निचरच नाही. समायोजनेत उल्लेख असलेली मालमत्ता तेरजेत सापडत नसेल, तर पेन खाली ठेवून मागे जायचं.

उलटी साखळी

पहिली साखळी झाल्यावर दोन-तीन दिवस जाऊ द्या. मग रोजकीर्द झाकून फक्त तेरीज समोर ठेवा आणि प्रत्येक आकड्यामागे कोणत्या नोंदी असतील ते लिहायचा प्रयत्न करा. फर्निचर, दुकानभाडं, पगार लगेच येतील. खरेदी ४४,००० पाशी अडाल, कारण त्यात ४५,००० आणि उणे १,००० असे दोन व्यवहार दडले आहेत. विक्री ५२,००० मधली रोख किती आणि उधार किती हे तेरजेवरून कळतच नाही, त्यासाठी सेलूवाल्यांचं खातं उघडावं लागतं. तेरीज काय सांगते आणि काय सांगत नाही, हे इथे हाताला कळतं.

पुस्तकातल्या अंतिम खात्यांच्या गणितांवर हेच अर्धवट करता येतं. तिथे रोजकीर्द नाही, पण समायोजना आहेत. आराखडे आखण्याआधी प्रत्येक समायोजनेची नोंद एका ओळीत कच्च्या पानावर लिहा. पेपरात त्याला फारसा वेळ लागत नाही, आणि बुडीत कर्ज, संशयित कर्ज निधी यांसारख्या एकात एक गुंतलेल्या समायोजनांत तो वेळ वसूल होतो.

मे महिना

ताळेबंदावर साखळी संपत नाही, पुढची सुरू होते. दुकानभाडं, पगार, घसारा, कसर, खरेदी, विक्री ही खाती व्यापार किंवा नफा-तोटा खात्याला जाऊन बंद झाली, त्यांची शिल्लक पुढे येत नाही. दुकानभाड्याच्या खात्यात जमा बाजूला ‘नफा-तोटा खाते ४,०००’ लिहायचं आणि खाली दोन रेघा. तिथे ‘शिल्लक पुढे नेली’ लिहिलं तर एप्रिलचं भाडं मेच्या खर्चात येईल. उचल भांडवलातून वजा होऊन संपली.

ताळेबंदात जे राहिलं तेवढ्याचीच १ मे ला प्रारंभिक नोंद होते. रोख ९०,१००, सेलूवाले ७,०००, माल ९,०००, फर्निचर ११,९०० नावे. जालनेवाले १५,०००, अदत्त पगार १,०००, भांडवल १,०२,००० जमा. एप्रिलमध्ये जे ९,००० तेरजेबाहेर अखेरचा माल म्हणून आले होते, तेच मेच्या तेरजेत प्रारंभिक माल म्हणून आत दिसतील आणि व्यापार खात्याच्या नावे बाजूला जातील.

आणि ५ मे ला राहिलेले पगाराचे हजार रुपये दिले, तर पगार खातं नावे करायचं नाही. तो खर्च एप्रिलने सोसला आहे. अदत्त पगार खाते नावे १,०००, रोख खात्याला १,०००. मेचे पहिले पाच-सहा व्यवहार असेच स्वतः रचा, जालनेवाल्यांचे उरलेले १५,००० कसर धरून फेडा, आणि मेचा ताळेबंद ३१ तारखेला काढा.